सूचना आणि वृत्तांत : उत्तरे तपासताना काय पाहावे

इयत्ता आठवीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पुढील प्रश्न विचारलेला आहे असे समजावे : ‘तुमच्या शाळेत शनिवार, दि. १७ जानेवारी २०२६ रोजी नेत्रतपासणीचे शिबिर भरणार आहे. विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने इयत्ता पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी सूचनाफलकावर लावावयाची सूचना सुमारे ५० शब्दांत लिहा.’ प्रश्नास ५ गुण आहेत. शिक्षकांच्या समोर दोन उत्तरे येतात.

पहिले उत्तर पट्टीने आखलेल्या चौकटीत आहे. वर मध्यभागी शाळेचे नाव, त्याखाली ‘सूचना’ हा मथळा, उजवीकडे ‘दि. १२ जानेवारी २०२६’ असा दिनांक. अक्षर मोत्यासारखे. मजकूर असा : ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, डोळे हा शरीराचा अत्यंत महत्त्वाचा अवयव आहे. डोळ्यांशिवाय सारे जग अंधारमय आहे. म्हणून आपल्या शाळेत नेत्रतपासणीचे शिबिर आयोजित केले आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून शिबिर यशस्वी करावे.’ खाली उजव्या कोपऱ्यात ‘विद्यार्थी प्रतिनिधी’.

दुसऱ्या उत्तरास चौकट नाही, शाळेचे नाव नाही, सूचनेचा दिनांकही नाही. ‘सूचना’ हा शब्द तेवढा वर लिहिला आहे. मजकूर असा : ‘पाचवी ते आठवीच्या मुलामुलींनो, शनिवारी १७ जानेवारी २०२६ ला सकाळी ८ ते ११ या वेळेत शाळेच्या मोठ्या खोलीत डोळे तपासणार आहेत. चष्मा असेल तर तो आनावा. ज्यांना फळ्यावरचे नीट दिसत नाही त्यांनी बुधवार पर्यंत वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे.’ खाली ‘विद्यार्थी प्रतिनिधी’.

घाईच्या तपासणीत पहिल्या उत्तरास ४ आणि दुसऱ्यास २ गुण पडतात. हा अनुभव अनेक शाळांतून येतो. चौकट, मथळा आणि सुवाच्य अक्षर ही डोळ्यांत चटकन भरतात. वेळ व स्थळ ही मजकुरात शिरून शोधावी लागतात. परंतु हीच दोन्ही पत्रके खरोखर फलकावर लावली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा. पहिले पत्रक वाचून एकही विद्यार्थी योग्य दिवशी योग्य ठिकाणी पोहोचला नसता. त्यात शिबिराचा दिनांक नाही. जो एकमेव दिनांक आहे तो सूचना लिहिल्याचा. एखादा विद्यार्थी तोच शिबिराचा दिनांक समजून सोमवारी डोळे तपासून घेण्यास आला असता. दुसरे पत्रक ओबडधोबड असले तरी ते वाचून विद्यार्थी शनिवारी सकाळी चष्म्यासह हजर झाला असता. मग ज्या उत्तराने काम होते त्यास कमी गुण आणि ज्याने होत नाही त्यास अधिक, असे का व्हावे?

याचा परिणाम एका उत्तरपत्रिकेपुरता राहत नाही. गुण कशास मिळाले हे मुले बारकाईने पाहतात. चौकटीस गुण मिळतात असे दिसले की पुढील वर्षी सारा वर्ग चौकटी आखू लागतो. आणि लिहिता येणारे हेच मूल उद्या ग्रामपंचायतीच्या किंवा बचत गटाच्या फलकावर सूचना लिहिणार असते. तीत वेळ राहिली, तर वाडीवरून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला परत जावे लागते.

गुणांची वाटणी आधी ठरवावी

उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वी कागदावर गुणांची वाटणी लिहून ठेवणे, हा यावरील पहिला उपाय होय. प्रश्नपत्रिकेसोबत अधिकृत गुणदान योजना आली असेल तर अर्थातच तीच प्रमाण मानावी. तशी नसेल तेथे ५ गुणांच्या सूचनेसाठी पुढील वाटणी सोयीची पडते : स्वरूपास १, आवश्यक तपशिलास २, हेतू साधण्यास १ आणि भाषेस १.

वाटणी ठरली की प्रश्न पुन्हा वाचून तपशिलांची यादी करावी. ही यादी दोन भागांत पडते. काही तपशील प्रश्नातच दिलेले असतात. येथे शिबिराचा विषय, वार व दिनांक, आणि कोणासाठी हे तीन तपशील दिले आहेत. ते उत्तरात आलेच पाहिजेत. ते न येणे म्हणजे प्रश्न नीट न वाचणे होय. काही तपशील मात्र विद्यार्थ्याने स्वतः घालावयाचे असतात. येथे वेळ आणि शाळेतील जागा प्रश्नात नाहीत. परंतु त्यांवाचून सूचना पुरी होत नाही. विद्यार्थ्याने ‘सकाळी ८’ लिहिले की ‘सकाळी ९’, यास महत्त्व नाही. शक्य वाटेल अशी वेळ त्याने दिली की नाही, एवढेच पाहावे. शनिवारी शाळा सकाळची असताना ‘दुपारी ४ वाजता’ असे लिहिले असेल तर ती वेळ विचार न करता घातली आहे, असे समजावे.

यावरून २ गुणांचे चार अर्धे भाग होतात : विषयास अर्धा, वार व दिनांकास अर्धा, वेळ व स्थळ यांस मिळून अर्धा, आणि कोणासाठी यास अर्धा. येथे पंचांग किंवा दिनदर्शिका जवळ असणे उपयोगी पडते. प्रश्नात वार दिला नसेल तर मुले अंदाजाने वार घालतात, आणि दिनांक एका वाराचा व वार दुसराच, असे घडते. अशा सूचनेने वाचणारा दोन दिवसांच्या पेचात सापडतो. म्हणून वार व दिनांक जुळत नसतील तर त्या भागाचा अर्धा गुण देऊ नये.

स्वरूप कशासाठी?

वरील विवेचनावरून स्वरूप गौण आहे असे मात्र कोणी समजू नये. स्वरूपातील प्रत्येक अंगास काही काम आहे. शाळेचे किंवा संस्थेचे नाव सूचना कोणाकडून आली हे सांगते. ‘सूचना’ हा मथळा फलकावरील इतर कागदांतून ती वेगळी काढतो. खालचा हुद्दा शंका कोणास विचारावी हे सांगतो. आणि सूचनेचा दिनांक तिच्यातील ‘उद्या’, ‘येत्या बुधवारी’ यांसारख्या शब्दांना अर्थ देतो.

दुसऱ्या उत्तरातील उणीव येथेच आहे. ‘बुधवार पर्यंत नाव द्यावे’ असे त्यात म्हटले आहे. परंतु सूचना कोणत्या दिवशी लावली हे नसल्याने बुधवार कोणता, असा प्रश्न उरतो. तो १४ जानेवारीचा बुधवार असावा हे शिक्षकास उमगते, कारण शिबिर १७ तारखेचे आहे. ७ तारखेचा बुधवारही शिबिरापूर्वीच येतो, हे मात्र विसरता कामा नये. विद्यार्थ्यास समजावताना ‘दिनांक लिहिण्याची पद्धत आहे’ असे न सांगता हा घोटाळा दाखवून द्यावा. कारण कळले की नियम ध्यानात राहतो.

चौकटीविषयी मात्र शिक्षकांनी जरा सैल धोरण ठेवावे. ज्या योजनेत चौकटीस गुण नेमून दिले असतील तेथे ती मागावी. एरवी चौकट नाही एवढ्यासाठी गुण कापू नये. तसेच, परीक्षेच्या उत्तरात स्वतःचे खरे नाव लिहू नये असा दंडक असेल तेथे खाली केवळ हुद्दा, प्रश्नात दिलेले नाव किंवा ‘अ. ब. क.’ असे असणे योग्यच आहे. नाव नाही म्हणून स्वरूपाचा गुण जाता कामा नये.

हेतू कसा तपासावा?

चार भागांपैकी हेतू हा भाग शिक्षकांना संदिग्ध वाटतो, आणि म्हणून तेथे मनास येईल तो गुण पडतो. वस्तुतः त्याची कसोटी सोपी आहे. सूचना ज्याच्यासाठी आहे तो विद्यार्थी आपण आहो अशी कल्पना करून शिक्षकांनी ती एकदा वाचावी आणि वाचून झाल्यावर स्वतःस विचारावे : ‘आता मला काय करावयाचे आहे हे कळले काय? की कोणास तरी विचारावयास जावे लागेल?’ कृती स्पष्ट झाली असेल तर १ गुण. ती आहे पण अर्धवट कळते, तर अर्धा. मुळीच कळत नसेल तर शून्य.

‘बहुसंख्येने उपस्थित राहून शिबिर यशस्वी करावे’ हे वाक्य या कसोटीस उतरत नाही. ते कोणत्याही समारंभास लावता येते. त्यात नेत्रतपासणीसाठी वेगळे असे काही नाही. शिवाय ‘सर्वांनी’ आणि ‘बहुसंख्येने’ हे दोन शब्द एकमेकांशी विसंगत आहेत. याउलट ‘चष्मा असेल तर तो आणावा’ हे साधे वाक्य खरी सूचना आहे.

गुणदानात आणखी एक पथ्य पाळावे. एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापू नयेत. दुसऱ्या उत्तरात सूचनेचा दिनांक नाही, म्हणून स्वरूपात अर्धा गुण गेला. त्याच कारणाने बुधवार संदिग्ध झाला, म्हणून हेतूचाही अर्धा गुण काढणे अन्यायाचे होईल.

आता दोन्ही उत्तरांचे गुण मांडून पाहू. पहिल्या उत्तरास स्वरूपाचा १ गुण पूर्ण. तपशिलात केवळ विषय आला. शिबिराचा वार-दिनांक, वेळ-स्थळ आणि इयत्ता ही तिन्ही नाहीत. म्हणून अर्धा गुण. हेतूस शून्य. भाषा शुद्ध, म्हणून १. एकूण अडीच. दुसऱ्या उत्तरास शाळेचे नाव व दिनांक नसल्याने स्वरूपाचा अर्धा गुण. तपशील चारही आहेत, म्हणून २. हेतूस १. भाषेत ‘आनावा’ हा बोलीतील उच्चार आणि ‘बुधवार पर्यंत’ हे तोडून लिहिणे, एवढ्यासाठी अर्धा गुण वजा. एकूण ४. म्हणजे घाईने दिलेल्या गुणांचा क्रम उलटला. बोलीच्या उच्चाराचा दोष भाषेच्या १ गुणातच फिटला, तो तपशिलापर्यंत पोहोचू दिला नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. घरी बोली बोलणाऱ्या मुलाची बरोबर माहिती एका ‘न’पायी बुडू नये.

वृत्तांताची तपासणी

आता त्याच शिबिराचा वृत्तांत घेऊ. ‘शाळेत झालेल्या नेत्रतपासणी शिबिराचा वृत्तांत शाळेच्या भित्तिपत्रकासाठी सुमारे १०० शब्दांत लिहा’ असा प्रश्न आहे. सूचना आणि वृत्तांत यांतील भेद एका वाक्यात सांगता येतो : ज्यांनी यावयाचे आहे त्यांच्यासाठी सूचना असते, जे आले नव्हते त्यांच्यासाठी वृत्तांत असतो. सूचनेत भविष्यकाळ आणि आज्ञार्थ-विध्यर्थ येतो, वृत्तांतात भूतकाळ. सूचना लिहिण्याची सवय लागलेली मुले वृत्तांतातही ‘तपासणी होणार आहे’ असे लिहून जातात. काळाची ही सरमिसळ आढळल्यास विद्यार्थ्यास दोन प्रकारांतील भेदच उमगलेला नाही, असे समजून ती शिकवणीच्या वहीत टिपून ठेवावी.

प्रश्नात ‘बातमी’ म्हटले आहे की ‘वृत्तांत’ किंवा ‘अहवाल’, हेही पाहावे. बातमीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम येते आणि बाकीची मागाहून. वृत्तांतात घटना ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने सांगावयाची असते. म्हणून आरंभीच ‘नऊ विद्यार्थ्यांना चष्मा लागला’ असे लिहिणारे उत्तर बातमी म्हणून उत्तम ठरते. वृत्तांत म्हणून ते क्रमाने नाही, एवढे सांगावे लागते. दोहोंतही ‘मी’ आणि ‘मला’ यांना जागा नाही.

वृत्तांताच्या ५ गुणांचीही तशीच वाटणी करता येते. स्वरूपाच्या १ गुणात मथळा, स्थळ-दिनांक आणि लिहिणाराचा हुद्दा. तपशिलाच्या २ गुणांत केव्हा, कोठे, कोणी यास अर्धा. प्रत्यक्ष काय घडले ते क्रमाने सांगण्यास १. आणि निष्पत्तीस अर्धा. मग हेतूस १ व भाषेस १.

येथे हमखास आढळणारे एक उत्तर पाहावे. मथळा आहे, स्थळ-दिनांक आहे. मजकुरात दीपप्रज्वलन झाले, पाहुण्यांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत झाले, ईशस्तवन झाले, डॉक्टरांनी मोलाचे मार्गदर्शन केले, अध्यक्षीय भाषण झाले, आभारप्रदर्शन झाले आणि कार्यक्रमाची सांगता झाली. भाषा निर्दोष, काळही भूतकाळ. परंतु डोळे तपासल्याचा उल्लेख त्यात कोठेही नाही! हा वृत्तांत वृक्षारोपणास, वक्तृत्व स्पर्धेस किंवा स्नेहसंमेलनास, केवळ मथळा पालटून, जसाच्या तसा चालेल. अशा उत्तरासाठी एक सोपी परीक्षा आहे. मथळा हाताने झाकावा आणि उरलेला मजकूर वाचून कार्यक्रम कोणता होता हे ओळखू येते काय, ते पाहावे. येत नसेल तर ‘काय घडले’ याचा १ गुण, निष्पत्तीचा अर्धा आणि हेतूचा १ गुण देता येणार नाही. स्वरूपाचा १, केव्हा-कोठे-कोणी याचा अर्धा आणि भाषेचा १, असे त्या उत्तरास अडीच गुण मिळतील.

याच्या शेजारी दुसरे उत्तर ठेवावे : ‘सकाळी ८ वाजता तपासणी सुरू झाली. भिंतीवर लावलेला अक्षरांचा तक्ता ६ मीटर अंतरावरून प्रत्येकाकडून वाचून घेतला. आधी एक डोळा झाकून व मग दुसरा झाकून वाचावयास सांगितले. एकूण ८४ विद्यार्थ्यांची तपासणी झाली. त्यांत ४६ मुले व ४२ मुली होत्या. ९ विद्यार्थ्यांना पुढील तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात जाण्यास सांगण्यात आले.’ या विद्यार्थ्याने पाहिले आहे आणि पाहिलेले सांगितले आहे. तपासणीस न आलेल्या मुलाच्या आईसही येथे काय झाले ते कळेल. मात्र ४६ आणि ४२ यांची बेरीज ८८ होते, ८४ नव्हे. वृत्तांतातील आकडे शिक्षकांनी अवश्य बेरीज करून पाहावेत; कारण वृत्तांत हा पुढे नोंद म्हणून वापरला जातो, आणि चुकीची बेरीज असलेल्या नोंदीवर कोणी विसंबत नाही. मात्र घटनेचा क्रम आणि निष्पत्ती दोन्ही आली असल्यामुळे या एका चुकीसाठी अर्ध्याहून अधिक गुण कापू नये.

शब्दमर्यादेसंबंधीही असाच विवेक ठेवावा. मथळा, दिनांक व हुद्दा हे शब्द मोजू नयेत. मजकूर ५०च्या जागी ६० शब्दांचा झाला, पण प्रत्येक शब्द कामाचा आहे, तर गुण कापण्याचे कारण नाही. मर्यादा सांभाळण्यासाठी वेळ गाळली आणि डोळ्यांची थोरवी ठेवली, तर मात्र तपशिलाचा गुण जातोच.

तपासणीची रीत आणि शेरा

एक उत्तरपत्रिका आरंभापासून शेवटपर्यंत तपासण्याऐवजी सर्व उत्तरपत्रिकांतील सूचनेचा प्रश्न आधी एका बैठकीत तपासावा, मग वृत्तांताचा. त्यामुळे ठरवलेली यादी डोळ्यांसमोर राहते आणि निबंधात चांगले लिहिणाऱ्या मुलाबद्दलचा ग्रह सूचनेच्या गुणांत शिरत नाही. शेवटची उत्तरपत्रिका झाली की पहिल्या पाच पुन्हा चाळाव्यात. आरंभी हात कडक असतो आणि पुढे सैल होतो, किंवा याच्या उलट. हा फरक त्या पाचांत लगेच उघड होतो. गुण समासात वाटणीनुसार लिहावेत, उदाहरणार्थ ‘अर्धा + २ + १ + अर्धा = ४’. म्हणजे विद्यार्थ्यास आपले काय राहिले हे कळते, आणि पालकाने विचारल्यास शिक्षकासही सांगता येते.

शेरा लिहिताना ‘अपूर्ण’, ‘सुधारणा आवश्यक’ असे शब्द टाळावेत. त्यांवरून काय करावे हे मुलास समजत नाही. त्याऐवजी वाचणाऱ्याच्या तोंडी येणारा प्रश्नच समासात लिहावा : ‘किती वाजता?’, ‘कोणता बुधवार?’, ‘डोळे कसे तपासले?’ पहिल्या उत्तराच्या विद्यार्थ्याने ‘कोणत्या दिवशी?’, ‘किती वाजता, कोठे?’ आणि ‘कोणत्या इयत्तांनी?’ हे तीन प्रश्न पाहिले की त्याची सुंदर चौकट तशीच राहून मजकूर दोन मिनिटांत दुरुस्त होईल. दुसऱ्या उत्तराच्या विद्यार्थ्यास वर एक दिनांक आणि शाळेचे नाव लिहिण्याचेच काय ते उरले आहे. उत्तरपत्रिका परत दिल्यावर दोघांच्या दुरुस्त सूचना एकमेकांस वाचावयास द्याव्यात आणि वाचणाऱ्यास एकही प्रश्न विचारावा लागला नाही, तर त्या शाळेच्या फलकावर लावाव्यात.